स्क्रीनशॉट टाइप करताना इमोजी, टिक आणि स्टिकर कसे लिहायचे?

"घरमालकाने डिपॉझिट अडवलंय. वकिलांनी व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचे चाळीसेक स्क्रीनशॉट टाइप करून मागितलेत. मजकूर जमतोय, पण इमोजी, टिक आणि स्टिकर यांचं काय करू? वगळू की शब्दांत लिहू? घरमालकाने 🙏 पाठवलंय, त्याला मी 'नमस्कार' लिहिलं, तर भाऊ म्हणतो ते 'धन्यवाद' आहे."

तुम्ही दोघेही तो शब्द खोडा. नमस्कार की धन्यवाद हा वाद सुटला नाही तरी चालेल. घरमालकाने यातला एकही शब्द टाइप केलेला नाही, आणि तुमच्या कागदावर त्याच्या नावापुढे तो आला की तो त्याच्या तोंडी घातल्यासारखा होतो. टाइप केलेल्या प्रतीत समोरच्याने लिहिलेलं अक्षर न् अक्षर यावं आणि त्याने न लिहिलेलं एकही येऊ नये. इमोजी वगळायचा नाही, कारण तो त्याने पाठवलाय. पण त्याचं भाषांतरही करायचं नाही. चित्रात काय दिसतंय तेवढंच लिहायचं.

मी गेली बारा वर्षं पुण्यात वकिलांसाठी ध्वनिमुद्रणं आणि मोबाइलवरची संभाषणं टाइप करून देते. सुरुवातीच्या काळात हीच चूक माझ्या हातून झाली होती. उधारीच्या एका दाव्यात समोरच्याचा मेसेज होता "ठीक आहे" आणि पुढे जोडलेले हात. मी टाइप केलं, "ठीक आहे. धन्यवाद." उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी आमच्या पक्षकाराला फोन हातात घ्यायला लावला आणि विचारलं, यात 'धन्यवाद' हा शब्द कुठे आहे ते दाखवा. तो नव्हताच. त्यानंतर त्यांनी त्या एका शब्दावर थांबायचं काही कारण नव्हतं. साठ पानांच्या प्रतीतलं दुसरं काय काय घरचं आहे, असा प्रश्न त्यांनी उभा केला. सगळी प्रत पुन्हा करावी लागली, आणि पक्षकाराला भर कोर्टात जो मनस्ताप झाला तो मला आजही विसरता येत नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते: चौकोनी कंसाबाहेर जे आहे ते पाठवणाऱ्याचं, चौकोनी कंसात जे आहे ते माझं. हा नियम पहिल्या पानावर एका वाक्यात लिहून टाकायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कुठलंच वाक्य कुणाचं याचा संशय राहत नाही.

आता 🙏 कडे येऊ. अक्षरांना आणि इमोजींना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक यादीत याचं नाव 'हात जोडलेली व्यक्ती' अशा अर्थाचं आहे आणि क्रमांक U+1F64F. म्हणजे अधिकृत नावसुद्धा हातांची ठेवण सांगतं, हेतू सांगत नाही. आपल्याकडे तेच हात नमस्काराला जोडतात, आभार मानायला जोडतात, माफी मागायला जोडतात, आणि "बाबा रे, आता पुरे कर" म्हणायलाही जोडतात. डिपॉझिट मागणाऱ्याला घरमालकाने पाठवलेले हात यातले कुठले, हे तुम्हाला आतून ठाऊक असेलही. ते सांगायची जागा वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येते. प्रतीत एवढंच लिहा: [इमोजी: जोडलेले हात]. दोनदा असतील तर [इमोजी: जोडलेले हात, २ वेळा]. संख्या कधीच गाळू नका. एकदा हात जोडणं आणि सात वेळा हात जोडणं यातला फरक वाचणाऱ्याला स्वतःला दिसू दे.

काहीजण विचारतात की टाइप करताना तोच इमोजी सरळ का टाकू नये. टाका, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. वकिलांच्या ऑफिसातला प्रिंटर बहुधा काळा-पांढरा असतो. लाल हृदय आणि काळं हृदय त्यात जवळपास सारखंच येतं. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथल्या फाँटमध्ये ते चित्र नसलं, तर रिकामा चौकोन छापला जातो. शिवाय एकच इमोजी वेगवेगळ्या फोनवर वेगळा दिसतो. पिस्तुलाचं उदाहरण घ्या. ॲपलने २०१६ मध्ये खऱ्या पिस्तुलाच्या जागी हिरवी पाण्याची पिचकारी आणली, तेव्हा इतर बऱ्याच कंपन्यांच्या फोनवर अजून खरं पिस्तूलच दिसत होतं. क्रमांक एकच, पण एकाने पिचकारी पाठवायची आणि दुसऱ्याला पिस्तूल दिसायचं. त्यामुळे तुम्ही तुमच्या संगणकावर टाकलेला इमोजी स्क्रीनशॉटमधल्यासारखाच दिसेल याची खात्री नसते. स्क्रीनशॉटमध्ये दिसणाऱ्या चित्राचं शब्दांतलं वर्णन मात्र छापील कागदावरही तेच राहतं.

सगळ्यात जास्त घोटाळा चेहऱ्यांत होतो, त्यातही थेंब असलेल्या चेहऱ्यांत. 😂 मध्ये दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकेक थेंब असतो आणि तोंड हसताना उघडं असतं. 😭 मध्ये दोन्ही डोळ्यांतून धारा खाली वाहतात. 😅 मध्ये थेंब एकच, तो कपाळाच्या बाजूला, म्हणजे घामाचा. 😪 मध्ये थेंब नाकाजवळ असतो आणि तो चेहरा खरं तर झोपाळू म्हणून काढलेला आहे, पण बहुतेकजण त्याला रडका म्हणतात. स्क्रीनशॉट नुसता पाहून हे ठरवू नका. तो मोठा करा आणि तीन गोष्टी बघा: डोळे उघडे की मिटलेले, तोंड कसं आहे, थेंब किती आणि कुठे. मग लिहा: [इमोजी: पिवळा चेहरा, उघडं हसरं तोंड, दोन्ही डोळ्यांच्या कडेला थेंब]. 'हसून हसून रडणारा' असं लिहायचा मोह होतो, पण त्यात भाव आलाच. घरमालक तुमची टिंगल करत होता की ओशाळला होता, हे ठरवणं टाइप करणाऱ्याकडे नसतं.

मोठं करूनही चित्र धूसरच राहिलं, तर तसं लिहायला लाजू नका: [इमोजी: पिवळा चेहरा, निळा थेंब दिसतो, तोंड स्पष्ट नाही]. हे अर्धवट वाटतं, पण खरं आहे. आणि तुमच्या बाबतीत ते पूर्ण करायची सोय आहे, कारण मूळ फोन तुमच्याकडे आहे. तो मेसेज फोनवर उघडा, कॉपी करून स्वतःलाच पाठवा किंवा संगणकावर चिकटवा आणि इमोजी नेमका कुठला ते युनिकोडच्या नावावरून पाहा. ज्याच्याकडे फक्त कुणीतरी पाठवलेला स्क्रीनशॉट आहे, त्याला हा मार्ग नाही. त्याने 'स्पष्ट नाही' वर थांबायचं.

टिकांचं प्रकरण वेगळं आहे. इमोजी माणसाने पाठवलेला असतो, टिक ॲपने लावलेली असते. म्हणून मी ती मेसेजच्या ओळीत न लिहिता वेळेशेजारी कंसात लिहिते आणि इमोजी हा शब्द तिला लावत नाही. टिक फक्त तुम्ही पाठवलेल्या, म्हणजे उजवीकडच्या मेसेजवर दिसते. एक राखाडी म्हणजे मेसेज पाठवला गेला, दोन राखाडी म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला गेला. पण प्रतीत 'वाचला' असं लिहू नका, [टिक: दोन, निळ्या] असं लिहा. कारण असं की समोरच्याने वाचल्याची खूण दाखवणं सेटिंगमध्ये बंद केलं असेल, तर त्याने मेसेज दहादा वाचला तरी तुमच्याकडे टिक राखाडीच राहते. ज्याने राखाडीला 'न वाचलेला' लिहिलं, त्याने एक चुकीची गोष्ट कागदावर आणली. आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत निळं-राखाडी दोन्ही एकच होतं, तेव्हा रंग शब्दांत लिहिणं इथे चुकवून चालतच नाही.

ॲपने स्वतः दाखवलेले शब्द मात्र खरोखरचे शब्द आहेत, ते जसेच्या तसे उतरवा. पुसलेल्या मेसेजच्या जागी `This message was deleted` दिसत असेल, तर ते तसंच, आणि कंसात [ॲपची सूचना]. पुसलेलं काय होतं ते तुम्ही आधी वाचलेलं असलं तरी प्रतीत आणू नका. तारखेच्या पट्टीवर `Yesterday` दिसत असेल तर `Yesterday` च लिहा. तिथे '१२ मार्च' घालणं हा हिशेब तुमचा झाला, स्क्रीनशॉटचा नाही. तारीख हवीच आहे, तर फोनवर तेच संभाषण आज उघडा. काही दिवस उलटले असतील तर त्याच पट्टीवर आता पूर्ण तारीख दिसेल. त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्या आणि त्याला वेगळा क्रमांक द्या.

व्हॉइस मेसेजलाही हेच. माइकचं चिन्ह, लांबी, वेळ. तो ऐकून त्यातलं बोलणं स्क्रीनशॉटच्या प्रतीत घालू नका. त्याची वेगळी प्रत होते.

स्टिकरबद्दल तुमचा गोंधळ मला समजतो, कारण त्यात चित्र असतं आणि पुष्कळदा अक्षरंही असतात. ती अक्षरं पाठवणाऱ्याने टाइप केलेली नसतात, पण त्याने पाठवलेल्या चित्रात ती आहेत. म्हणून वगळायची नाहीत, आणि मेसेजच्या मजकुरात मिसळायचीही नाहीत. मी लिहिते: [स्टिकर: चंद्र आणि ढग. स्टिकरवरची अक्षरं: "शुभ रात्री"]. अवतरणात फक्त दिसणारं. स्टिकर पडद्याच्या कडेने कापला गेला असेल आणि "शुभ रा" एवढंच दिसत असेल, तर "शुभ रा", आणि पुढे 'कडेला कापलेलं'. तिथे "त्री" जोडणं कितीही सोपं वाटलं तरी ते जोडू नका. अक्षरं सजावटीची असून लागत नसतील, तर 'अक्षरं आहेत, वाचता येत नाहीत'. कुणाच्या फोटोचा स्टिकर बनवलेला असेल तर 'चष्मा घातलेल्या पुरुषाचा चेहरा' इतकंच लिहा, ओळखीचा असला तरी नाव घालू नका.

आता हे सगळं एका पडद्यावर कसं उतरतं ते दाखवते. समजा तुमच्या सतराव्या स्क्रीनशॉटमध्ये चार मेसेज आहेत. माझी प्रत अशी होईल:

स्क्रीनशॉट १७. [वरच्या पट्टीवर घड्याळ १०:५२, बॅटरी ३४%]
[तारखेची पट्टी: `Yesterday`]
उजवीकडे: डिपॉझिट कधी मिळेल? घर सोडून दीड महिना झाला. १९:१४ [टिक: दोन, निळ्या]
डावीकडे: बघतो [इमोजी: जोडलेले हात, २ वेळा] १९:४०
डावीकडे: [स्टिकर: चंद्र आणि ढग. स्टिकरवरची अक्षरं: "शुभ रात्री"] १९:४१
उजवीकडे: साठ हजार पूर्ण द्याल ना? १९:४३ [टिक: दोन, राखाडी] [चौकटीखाली रिॲक्शन: वर केलेला अंगठा, पिवळा. कुणाची ते या चित्रात दिसत नाही]

शेवटची ओळ पुन्हा बघा, कारण तुमच्या अख्ख्या दाव्यात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची ठरू शकते. मेसेजच्या चौकटीला खालून चिकटलेलं जे छोटं चिन्ह असतं, ते उत्तर म्हणून पाठवलेला मेसेज नसतो. त्याला स्वतःची वेळ दिसत नाही. म्हणून ते पुढच्या ओळीवर "घरमालक: 👍" असं कधीही लिहू नका, तसं लिहिलंत की न दिसलेला मेसेज आणि न दिसलेला पाठवणारा, दोन्ही तुम्ही तयार केलेत. ज्या मेसेजला ते लागलंय त्याच ओळीत, कंसात ठेवा.

मग इथे दोन अडचणी येतात. पहिली: टिक राखाडी आहेत आणि अंगठा मात्र आहे. घरमालकाने वाचल्याशिवाय अंगठा कसा दिला, असं वाटून टाइप करणारा टिक 'निळ्या' करून टाकतो. करू नका. वाचल्याची खूण त्याने बंद ठेवली असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. दुसरी: अंगठा घरमालकाचाच, हे तुम्ही धरून चालला असाल. पण व्हॉट्सॲपवर स्वतःच्या मेसेजलाही रिॲक्शन देता येते, आणि समोरचे वकील हे नक्की विचारतील. यावर उपाय फोनमध्येच आहे. त्या छोट्या अंगठ्यावर बोट टेका, खालून एक पट्टी वर येते आणि रिॲक्शन कुणाची ते नावानिशी दिसतं. त्या पट्टीचा स्क्रीनशॉट घ्या, त्याला १७-अ म्हणा, आणि नाव तिथून उतरवा. हे आजच करा, कारण रिॲक्शन देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो आणि काढली की मेसेजखाली तिची काही खूण उरत नाही.

अंगठ्याचा अर्थ 'हो' असा तुम्ही का लिहू नये, याला कॅनडातला एक निकाल चांगला दाखला आहे. सस्कॅचवन प्रांतात धान्य घेणाऱ्या एका कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि करार पक्का कळवा म्हणून लिहिलं. शेतकऱ्याने फक्त 👍 पाठवला. माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, करार मिळाला एवढंच मी कळवलं. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने अंगठा म्हणजे संमती धरली आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. पुढे अपिलातही तेच कायम राहिलं. पण न्यायाधीशांनी हा अर्थ नुसत्या चित्रावरून काढला नाही. त्या दोघांमध्ये आधीचे करार याच रीतीने, फोनवर एखाद-दोन शब्दांच्या होकाराने पक्के झाले होते, ते त्यांनी पाहिलं. म्हणजे अर्थ लावायला मागचं सगळं बोलणं लागतं. तुमच्याही बाबतीत, घरमालकाने पूर्वी दुरुस्तीच्या खर्चाला, भाडेवाढीला कसा होकार दिला होता, ते मेसेज वगळू नका. त्यातूनच पुढे वकील युक्तिवाद बांधतील.

काही गोष्टी मात्र तुमच्या वकिलांवर सोपवाव्या लागतील. वर्णन किती बारीक हवं, हे दाव्यावर अवलंबून असतं. डिपॉझिटच्या भांडणात हाताच्या त्वचेचा रंग कुठला निवडला होता याने काही बिघडत नाही. कुणाची ओळख पटवायची असेल तर बिघडू शकतं. बॅटरीचा आकडा बहुतेकदा कुणी विचारत नाही, पण स्क्रीनशॉट एकाच बैठकीत घेतले की वेगवेगळ्या दिवशी, हा प्रश्न आला तर तो आकडा आणि घड्याळ उपयोगी पडतं. म्हणून मी ते उतरवते. इंग्रजी लिपीत टाइप केलेली मराठी देवनागरीत आणायची का, हेही त्यांना विचारा. माझी पद्धत म्हणजे मूळ लिपी तशीच, चुकांसकट, आणि देवनागरी हवी असेल तर शेजारच्या रकान्यात.

व्हॉट्सॲपमधून अख्खं चॅट निर्यात करून मजकुराची फाइल काढता येते. टाइप करायचे कष्ट वाचतात आणि इमोजी नेमका कुठला तेही कळतं. पण त्या फाइलमध्ये टिक नसतात, रिॲक्शन नसतात, आणि माध्यमांशिवाय निर्यात केली तर स्टिकरच्या जागी फक्त `<Media omitted>` यासारखी सूचना असते. म्हणजे तुमचा तो अंगठा त्यात येणारच नाही. फाइल पडताळणीला ठेवा, प्रत स्क्रीनशॉटवरूनच करा. आणि टाइप केलेला कागद म्हणजे पुरावा नव्हे, वाचायची सोय आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याखालचं प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागतं, तेव्हा फोन विकू नका, रीसेट करू नका, चॅट पुसू नका.

प्रत झाली की भावाला कामाला लावा. त्याला स्क्रीनशॉट न दाखवता फक्त कागद वाचायला द्या आणि विचारा, या पडद्यावर काय काय होतं ते तोंडी सांग. तुम्ही स्क्रीनशॉट समोर ठेवून ऐका. तो म्हणाला "त्याने आभार मानले", तर त्या ओळीत तुमचा शब्द अजून शिल्लक आहे. तो म्हणाला "दोन वेळा जोडलेले हात होते", तर ओळ बरोबर आहे.

आणि तुम्हाला दोघांना त्या हातांचा जो अर्थ लागतोय, तो वाया घालवायचा नाही. तो वेगळ्या कागदावर लिहा: स्क्रीनशॉट १७, दुसरा मेसेज, 'बघतो' नंतरचे जोडलेले हात, मी याचा अर्थ असा घेतला आणि त्यामुळे पुढचे अमुक दिवस थांबलो. खाली तुमची सही. तो कागद वकिलांना द्या. प्रतिज्ञापत्रात ते वाक्य तुमच्या नावाने, तुमचं म्हणून येईल.